शितावरून भात, पण शीत कुठलं? सर्वेक्षणाच्या मथळ्यामागे डोकावताना

जून 2018 च्या शेवटच्या आठवड्यात देशातल्या बहुतेक वर्तमानपत्रांत एक बातमी ठळक अक्षरांत आली : स्त्रियांसाठी भारत जगातला सर्वांत धोकादायक देश. अफगाणिस्तान दुसरा, सीरिया तिसरा, सोमालिया चौथा, सौदी अरेबिया पाचवा. पहिल्या दहांत अमेरिकाही होती, दहाव्या क्रमांकावर. ही पाहणी थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनची होती.

त्या दिवशी लोकांचे दोन गट पडले. एकाला वाटलं, ‘अखेर कोणीतरी खरं बोललं.’ दुसऱ्याला हा देशाच्या बदनामीचा कट वाटला. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयानेही पाहणी फेटाळली. पण दोन्हीकडच्या बहुतेकांनी फक्त मथळा वाचला होता. हा क्रमांक कोणाला विचारून काढला, हा साधा प्रश्न चर्चेत फार उशिरा आला. त्याचं उत्तर बातमीतच होतं, साधारण चौथ्या-पाचव्या परिच्छेदात. सर्वेक्षणाच्या बातमीत हे असंच असतं. आकडा वर असतो आणि तो कुठून आला हे खाली.

तर कोणाला विचारलं होतं? 548 तज्ज्ञांना. त्यांत मदतकार्य आणि विकासक्षेत्रातले लोक होते, प्राध्यापक होते, आरोग्यक्षेत्रात काम करणारे, धोरणं ठरवणारे, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते आणि पत्रकार होते. ते जगाच्या वेगवेगळ्या भागांतले होते. म्हणजे आपल्या देशात रात्री दहा वाजता बसथांब्यावर उभं राहणाऱ्या बाईचा अनुभव या पाहणीत विचारलेला नाही. पाकिस्तानातल्या किंवा काँगोतल्या बाईचाही नाही. स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या माणसांचं मत त्यात विचारलेलं आहे. अशा पाहणीला धारणा-पाहणी म्हणतात, आणि संस्थेनेही आपल्या पाहणीला तेच नाव दिलं होतं. मथळ्यात येताना ‘तज्ज्ञांच्या मते’ हे दोन शब्द गळले आणि मत वस्तुस्थिती होऊन बसलं.

हा फरक किरकोळ नाही. तज्ज्ञाचं मत त्याच्या वाचनातून, त्याच्या कामातून आणि त्याच्यापर्यंत पोचलेल्या बातम्यांतून घडतं. याच संस्थेने 2011 साली अशीच पाहणी केली होती, तेव्हा 213 तज्ज्ञांना विचारलं होतं आणि भारत चौथा आला होता. मग 2018 मध्ये पहिला आला, तर सात वर्षांत इथली परिस्थिती अफगाणिस्तानपेक्षाही वाईट झाली का? तसं असूही शकतं. पण या पाहणीवरून ते सांगता येत नाही. डिसेंबर 2012 मधल्या दिल्लीच्या बलात्कार-हत्येनंतर भारतातल्या लैंगिक हिंसेची बातमी जगभर जाऊ लागली. कायदे बदलले, मोर्चे निघाले, आणि पूर्वी पोलिसचौकीच्या दारातून परतणाऱ्या तक्रारी छापून येऊ लागल्या. जिथे लोक बोलू लागतात तो देश दुरून अधिक धोकादायक दिसतो. जिथे बोलण्याचीच सोय नाही तो शांत दिसतो. अमेरिका दहावी येण्यामागेही हेच असावं असं मला वाटतं. ऑक्टोबर 2017 मध्ये तिथे ‘मी टू’ची लाट आली आणि ही पाहणी त्यानंतरच्या वसंतात झाली.

आता प्रश्न कसा होता ते पाहू. तज्ज्ञांना विचारलं होतं की संयुक्त राष्ट्रांच्या 193 सदस्यदेशांपैकी स्त्रियांसाठी सर्वांत धोकादायक असे पाच देश कोणते. मग आरोग्य, आर्थिक भेदभाव, रूढी-परंपरा, लैंगिक हिंसा, इतर हिंसा आणि मानवी व्यापार या सहा बाबतींत सर्वांत वाईट देश कोणता, असं विचारलं होतं.

हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा. 193 देशांतले पाच निवडायचे आहेत. मनात कोणते देश येतात? ज्यांच्याबद्दल आपण काही ना काही वाचलेलं असतं तेच. मध्य आफ्रिकेतल्या एखाद्या छोट्या देशात बायकांची स्थिती कितीही भीषण असली, तरी तो देश जगातल्या मोजक्याच लोकांच्या ओठांवर येईल. भारताबद्दल मात्र या क्षेत्रातल्या जवळजवळ प्रत्येकाला काहीतरी माहीत असतं. सव्वाशे कोटींहून अधिक लोकसंख्या, मोकळी वर्तमानपत्रं, इंग्रजीत होणारी चर्चा आणि इथे काम करणाऱ्या शेकडो संस्था, या सगळ्यामुळे नाव चटकन आठवतं. ‘सर्वांत धोकादायक पाच सांगा’ या प्रश्नात धोका आणि परिचय एकमेकांत मिसळतात आणि मग वेगळे काढता येत नाहीत. शिवाय ‘धोकादायक’ म्हणजे काय? एका बाईवर येणारा धोका, की एकूण किती बायकांवर अन्याय होतो तो आकडा? दुसरा अर्थ घेतला तर मोठा देश आपोआप वर जातो. प्रत्येक तज्ज्ञाने आपल्या मनातला अर्थ धरून उत्तर दिलं असणार.

आणखी एक गोष्ट क्रमांकात लपते, ती म्हणजे अंतर. शर्यतीत पहिला आणि दुसरा यांच्यात एका पावलाचं अंतर असेल किंवा अर्ध्या मैलाचं, निकालपत्रकात दोन्ही वेळी 1 आणि 2 एवढंच दिसतं. क्रमवारीची बातमी वाचताना मी आधी मूळ गुण शोधते. ते दिलेले नसतील तर त्या क्रमांकावर फार वेळ घालवत नाही.

उरला ‘किती जणांना’ हा प्रश्न. तो मी मुद्दाम मागे ठेवला, कारण लोक पहिला हल्ला तिथेच करतात आणि बहुधा चुकतात. तेव्हाही लोक म्हणत होते, ‘सव्वाशे कोटींच्या देशाबद्दल फक्त 548 लोकांना विचारलं!’ राग समजतो, पण हा आक्षेप कच्चा आहे.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. भात शिजला का हे पाहायला पातेलंभर भात खावा लागत नाही. दोन शितं बोटांत दाबून पाहिली की कळतं. पातेलं घरातलं असो की लग्नातलं मोठं, शितं तेवढीच लागतात. सर्वेक्षणाचं गणितही असंच आहे. चिठ्ठ्या टाकून, म्हणजे पूर्ण योगायोगाने माणसं निवडली असतील, तर उत्तरात किती इकडेतिकडे होऊ शकतं याचा एक ढोबळ हिशेब असतो. माणसांच्या संख्येचं वर्गमूळ काढायचं आणि 1 ला त्याने भागायचं. 400 माणसं असतील तर वर्गमूळ 20, म्हणजे चूक साधारण पाच टक्के वर किंवा खाली. 1000 असतील तर सुमारे तीन टक्के, 2500 असतील तर दोन टक्के. गोव्याची पाहणी असो की साऱ्या भारताची, या हिशेबात लोकसंख्या येतच नाही.

या हिशेबाने 548 ची चूक चार टक्क्यांच्या जरा वर निघते. वाईट नाही. पण हिशेब करण्याआधी एक अट पुरी व्हावी लागते : भात ढवळलेला हवा. मोठ्या पातेल्यात तळाचा भात करपलेला आणि वरचा कच्चा असू शकतो. वरचीच शितं काढलीत तर दोन काढा की दोन हजार, तळाची बातमी कळणार नाही. तज्ज्ञांची यादी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. जगातल्या सगळ्या तज्ज्ञांची नावं एका हंड्यात घालून त्यातून 548 काढता येणंच शक्य नाही. म्हणून इथे चूक मोजण्याचं सूत्र लागूच होत नाही. 548 ऐवजी 50 हजार तज्ज्ञ असते तरी हीच अडचण राहिली असती, आणि प्रश्नही तोच राहिला असता.

याच कारणाने ‘आमच्या पाहणीत तीन लाख वाचकांनी भाग घेतला’ असा आकडा मला मुळीच प्रभावित करत नाही. ते तीन लाख स्वतःहून आलेले असतात. ज्याला विषयाचा राग आहे तो बटण दाबतो, ज्याला काही वाटत नाही तो पुढे जातो.

संख्येकडे काळजीने पाहायचं ते एका वेगळ्या जागी. देशभरातल्या 1000 जणांना विचारलेल्या पाहणीत पुढे एक वाक्य येतं : ‘महाराष्ट्रात मात्र हेच प्रमाण सात टक्क्यांनी जास्त आहे.’ महाराष्ट्राची लोकसंख्या देशाच्या नऊ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे त्या 1000 जणांत मराठी मुलखातले नव्वदेक. नव्वदचं वर्गमूळ साडेनऊ, म्हणजे चूक दहा टक्क्यांच्या वर. सात टक्क्यांचा फरक त्यात सहज बुडतो. एकूण आकडा भरवशाचा आणि त्याच पाहणीतला राज्याचा आकडा बिनभरवशाचा, असं एकाच बातमीत घडू शकतं.

आता दुसरी पाहणी घेऊ. विषय तोच, स्त्रियांवरची हिंसा, पण पद्धत पार वेगळी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी म्हणजे एनएफएचएस. केंद्र सरकारसाठी ही पाहणी मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था करते. पाचवी फेरी 2019 ते 2021 मध्ये झाली. सुमारे 6 लाख 37 हजार घरं, 7 लाख 24 हजार स्त्रिया आणि एक लाखाच्या वर पुरुष.

इथे भात कसा ढवळतात ते पाहण्यासारखं आहे. जनगणनेच्या यादीतून गावं आणि शहरातले भाग निवडले जातात. निवडलेल्या भागातल्या सगळ्या घरांची आधी यादी होते, आणि त्या यादीतून ठरावीक अंतराने 22 घरं काढली जातात. घराला कुलूप असेल तर पुन्हा जायचं. शेजारची काकू प्रेमाने ‘या, माझं लिहून घ्या’ म्हणाली तरी तिचं उत्तर चालत नाही. नियम जाचक वाटतो, पण त्याचं कारण साधं आहे. दिवसा घरी सापडणारी बाई आणि शेतावर किंवा कामाला गेलेली बाई यांची आयुष्यं सारखी नसतात. नेहमी सापडणारीलाच विचारलं तर कामाला जाणारी हिशेबातून सुटते.

मग एवढी लाखो घरं कशाला, हजारोंत भागलं असतं ना? देशाचा एकच आकडा हवा असता तर नक्कीच भागलं असतं. पण या पाहणीला 707 जिल्ह्यांची वेगवेगळी चित्रं हवी होती. भागाकार केला तर एका जिल्ह्याच्या वाट्याला नऊशेच्या आसपास घरं येतात. ‘सात लाख स्त्रियांची महाप्रचंड पाहणी’ जिल्ह्याच्या पातळीवर एवढीच असते.

आणि प्रत्येक प्रश्न सगळ्यांना विचारलेला नसतो. ही गोष्ट बातम्यांत जवळजवळ कधीच येत नाही. घरगुती हिंसेचे प्रश्न निवडक घरांतच विचारले गेले, आणि तिथेही एका घरात एकाच स्त्रीला. कारण दोन जावांना विचारलं तर एकीने काय सांगितलं याचा सुगावा दुसरीला लागतो आणि त्याची किंमत तिला मोजावी लागते. एकांत मिळाला नाही तर हा भाग सोडून द्यायचा, असा नियम आहे. त्यामुळे सात लाखांपैकी या प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या स्त्रिया सत्तर हजारांच्या आसपास होत्या. आकडा अजूनही मोठाच आहे. पण ‘सात लाख स्त्रियांना विचारलं’ असं या प्रश्नाबद्दल कोणी लिहिलं असेल तर ते चूक आहे.

प्रश्नाच्या शब्दांची ताकद मला इथे सर्वांत स्पष्ट दिसते. ‘नवरा तुमचा छळ करतो का?’ असं विचारलं असतं तर काय झालं असतं? आपल्याकडे छळ म्हणजे रॉकेल, विहीर, माहेरून पैसे आण म्हणणं. वर्षातून चारदा थोबाडीत बसणारी बाई म्हणेल, ‘नाही हो, छळ कसला, राग आला की हात उचलतात एवढंच.’ आणि तिचं उत्तर ‘नाही’ म्हणून लिहिलं जाईल. म्हणून एनएफएचएसमध्ये छळ किंवा हिंसा असा शब्द वापरून विचारत नाहीत, एकेक कृती विचारतात. नवऱ्याने कधी ढकललं का, अंगावर काही फेकून मारलं का? थोबाडीत मारली का? हात पिरगाळला किंवा केस ओढले का? लाथ मारली, फरपटत नेलं का? गळा दाबला किंवा मुद्दाम भाजलं का? मनाविरुद्ध शरीरसंबंधाची जबरदस्ती केली का? ज्या बाईने पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हटलं असतं तीच इथे दोन-तीनदा ‘हो’ म्हणते. ती खोटं बोलत नव्हती. पहिल्या प्रश्नातला शब्द तिच्या आयुष्यावर बसत नव्हता.

या पद्धतीने मिळालेलं उत्तर असं : 18 ते 49 वयाच्या, कधी ना कधी लग्न झालेल्या स्त्रियांपैकी 29.3 टक्के स्त्रियांनी नवऱ्याची शारीरिक किंवा लैंगिक हिंसा कधी ना कधी सोसली आहे. हे वाक्य लांबट आहे, पण त्यातला प्रत्येक तुकडा कामाचा आहे. ‘कधी ना कधी’ काढून टाकलं की ते आजचं चित्र होतं. ‘लग्न झालेल्या’ काढलं की साऱ्या स्त्रियांचं होतं. मथळ्यात ते ‘देशातली दर तिसरी स्त्री हिंसेची बळी’ असं होतं, आणि त्यात दोन्ही शब्द गेलेले असतात. याच पाहणीत हिंसा सोसलेल्यांपैकी 77 टक्के स्त्रियांनी ना कुठे मदत मागितली होती, ना कोणाला सांगितलं होतं. पोलिसांच्या आकड्यांत या स्त्रिया कुठेच नसतात, म्हणून नीट विचारलेल्या सर्वेक्षणाला पर्याय नाही असं मी मानते.

पण याच पाहणीतून एक मथळा निघाला, तो मला आजही खटकतो. 2022 मध्ये बातम्या आल्या की निम्म्याच्या जवळपास भारतीय स्त्रियांना नवऱ्याने मारणं योग्य वाटतं. आकडा 45 टक्के. तेलंगणात 84, हिमाचलात 15. घरोघर चर्चा झाली, ‘बायकाच बायकांच्या वैरी’ वगैरे.

मूळ प्रश्न असा : पुढील परिस्थितीत नवऱ्याने बायकोला मारणं तुमच्या मते योग्य आहे का? आणि मग सात कारणं एकेक करून वाचली जातात. ती न सांगता बाहेर गेली तर? घराकडे, मुलांकडे दुर्लक्ष केलं तर? वाद घातला तर? शरीरसंबंधाला नकार दिला तर? नीट स्वयंपाक केला नाही तर? तिच्या चारित्र्याचा संशय आला तर? सासरच्यांचा अनादर केला तर? सातांपैकी एकालाही ‘हो’ म्हटलं की ती बाई 45 टक्क्यांत जाते. सहा वेळा ‘नाही’ आणि एकदाच ‘हो’ म्हणणारी, आणि सातही वेळा ‘हो’ म्हणणारी, मथळ्यात दोघी सारख्याच.

कारणं सुटी केली की चित्र बदलतं. सर्वांत जास्त होकार मिळालेलं कारण सासरच्यांच्या अनादराचं होतं, आणि त्याला होकार देणाऱ्या स्त्रिया 32 टक्के होत्या. शरीरसंबंधाला नकार दिल्यावर मारणं योग्य म्हणणाऱ्या दहापैकी साधारण एक. म्हणजे कोणतंही एक कारण घेतलं तरी बहुसंख्य स्त्रिया ‘नाही’ म्हणत होत्या. आणि ज्या मथळ्यांत फक्त स्त्रियांवर बोट होतं, त्यांत हे नव्हतं की पुरुषांचा आकडाही 44 टक्के होता.

शिवाय प्रश्नाचा साचा पाहा. त्यात आधी बाईची चूक सांगितलेली असते, मग मार योग्य का असं विचारलेलं असतं. बांगलादेशच्या खेड्यांत संशोधकांनी याच प्रश्नाचा मागोवा घेतला, तेव्हा दिसलं की अनेक बायका स्वतःचं मत न सांगता आपल्या गावात काय मानलं जातं ते सांगत होत्या. ओटीवर अनोळखी मुलगी वही घेऊन बसली आहे, ती एकामागून एक चुका वाचते आणि ‘योग्य का?’ म्हणते. अशा वेळी ‘आमच्याकडे असंच असतं’ या अर्थाचा ‘हो’ आणि ‘मला हे पटतं’ या अर्थाचा ‘हो’ एकाच चौकोनात जातात. तेलंगणा आणि हिमाचल यांच्यातल्या प्रचंड दरीचा काही भाग भाषांतराचाही असू शकतो. योग्य, रास्त, साहजिक, चालण्यासारखं, या मराठी शब्दांपैकी कोणताही वापरून पाहा, प्रत्येकाला वेगळा आकडा येईल. या प्रश्नाबद्दल राज्याराज्यांची तुलना करणारी बातमी मी म्हणूनच जपून घेते. त्याच राज्यातल्या आधीच्या फेरीशी तुलना केली असेल, प्रश्न आणि भाषा दोन्ही वेळी तीच असतील, तर तिला अधिक वजन देते.

2018 चा मथळा मी आता असा लिहीन : ‘स्त्री-प्रश्नांवरच्या 548 तज्ज्ञांनी धोकादायक देशांत भारताचं नाव सर्वांत वर ठेवलं.’ 2022 चा असा : ‘सातपैकी किमान एका कारणासाठी नवऱ्याचा मार योग्य, असं 45 टक्के स्त्रिया आणि 44 टक्के पुरुष म्हणतात; एकूण सर्वाधिक होकार सासरच्यांच्या अनादराला.’ दोन्ही मथळे दोन ओळींत मावतात.